दोन किलोवॅटचा हीटर रात्रभर चालला तर किती पैसे? यूकेतल्या पहिल्या हिवाळ्यासाठी हिशोब

नोव्हेंबरचा पहिला आठवडा आला की इथल्या मराठी मुलांच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो: "खोली गार पडते, दुकानातून कन्व्हेक्टर हीटर आणलाय, पण बिल किती येईल?" उत्तरं दोन टोकांची येतात. एक जण म्हणतो, काही नाही, महिन्याला दहा-पंधरा पाऊंड. दुसरा म्हणतो, चुकूनही लावू नकोस, दीडशे पाऊंड बिल येईल. दोघांनीही मीटर पाहिलेलं नसतं.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी कॉव्हेंट्रीत चार जणांच्या भाड्याच्या घरात मागच्या खोलीत राहायचो. जानेवारीचं बिल चढलं, तेव्हा घरमालकांनी माझ्या हीटरकडे बोट दाखवलं. त्यांचा हिशोब असा: हीटर दोन किलोवॅटचा, रोज दहा तास चालतो, म्हणजे 31 दिवसांत 620 युनिटं. युनिटला 26.35 पेन्सच्या दराने ते 163 पाऊंड होतात. गुणाकार बरोबर होता, पण उत्तर चूक होतं. ते का चूक होतं हे एकदा कळलं की तुमच्या खोलीचा हिशोब तुम्ही एका संध्याकाळी करू शकता.

आधी दर बघा, आणि नेमका कुठला ते बघा

आपल्याकडच्या बिलावर जे 'युनिट' असतं, तेच इथे kWh. एक हजार वॅटचं उपकरण एक तास पूर्ण ताकदीने चाललं की एक युनिट. घरी 2000 वॅटचा गिझर असतो, तो पंधरा मिनिटं लावून बंद करतो, म्हणजे अर्धं युनिट. इथला हीटर तेवढ्याच वॅटचा, पण चालतो तासन् तास. सगळा फरक तासांचा आहे.

दराची एक सवय मात्र घरीच सोडून यायची. महाराष्ट्रात स्लॅब असतो: पहिली शंभर युनिटं स्वस्त, पुढची महाग. त्यामुळे नवीन आलेल्यांना वाटतं की हीटरमुळे आपण वरच्या स्लॅबमध्ये जाऊ आणि सगळंच महाग होईल. इथल्या साध्या टॅरिफमध्ये तसं नसतं. पहिलं युनिट आणि पाचशेवं युनिट एकाच भावाचं.

ऑफजेम ही नियामक संस्था इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी दर तीन महिन्यांनी कमाल दर ठरवते. ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 या तिमाहीत डायरेक्ट डेबिटने पैसे भरणाऱ्यांसाठी विजेचा सरासरी दर युनिटला 26.35 पेन्स होता आणि स्टँडिंग चार्ज दिवसाला 53.68 पेन्स. भागाप्रमाणे यात थोडं कमीजास्त असतं. पुढचे सगळे आकडे मी 26.35 पेन्स धरून देतो, तुम्ही तिथे तुमच्या बिलावरचा दर घाला.

बिल उघडल्यावर दोन ठिकाणी चूक होते. पहिली व्हॅटची. बऱ्याच बिलांवर युनिटचा दर व्हॅट सोडून छापलेला असतो आणि पाच टक्के शेवटी वेगळे लावलेले असतात. दराशेजारी 'excl. VAT' लिहिलेलं दिसलं तर त्याला 1.05 ने गुणा. दुसरी चूक स्टँडिंग चार्ज हीटरच्या खात्यात टाकण्याची. हीटर लावा किंवा लावू नका, ते 54 पेन्स जाणारच. भाड्याच्या घरात वाटणी करताना हा मुद्दा भांडणापर्यंत जातो, म्हणून स्टँडिंग चार्ज सगळ्यांत सारखा वाटा आणि हीटरची फक्त युनिटं मोजा.

जुन्या फ्लॅटमध्ये, विशेषतः जिथे गॅसच नाही तिथे, बिलावर दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन दर दिसतील. हे 'इकॉनॉमी 7' टॅरिफ: रात्रीचे सात तास वीज स्वस्त, आणि त्याची भरपाई म्हणून दिवसाचा दर साध्या टॅरिफपेक्षा जास्त. संध्याकाळी सहा ते अकरा हे हीटरचे तास नेमके महाग दरात येतात. अशा घरात भिंतीवर जड स्टोरेज हीटर असतात. ते रात्री स्वस्त विजेवर तापून दिवसा उष्णता सोडतात. ते बंद ठेवून संध्याकाळी कन्व्हेक्टर लावणं हा तिथला सगळ्यांत महाग मार्ग. आधी स्टोरेज हीटरचं इनपुटचं बटण रात्रीसाठी नीट लावायला शिका.

हीटरवरची पाटी

हीटर उलटा करून खालची किंवा मागची पाटी वाचा. साधारण असं काहीतरी लिहिलेलं असतं:

```
220-240V~  50Hz  1800-2000W
```

दोन आकडे बघून गोंधळू नका. दाब 220 व्होल्टच्या बाजूला असेल तर तीच कॉइल कमी वॅट घेते, 240 च्या बाजूला असेल तर जास्त. घरातला दाब साधारण याच्या आसपास असतो. हिशोबाला 2000 धरा, म्हणजे अंदाज फारसा कमी पडणार नाही. बहुतेक कन्व्हेक्टरना दोन बटणं असतात: एक 750 वॅटचं, दुसरं 1250 चं. दोन्ही दाबली की 2000.

सूत्र एवढंच:

```
वॅट ÷ 1000 × तास × दर = पेन्स
```

दोन हजार वॅटला तासाला 2 × 26.35, म्हणजे 52.7 पेन्स. 1250 वॅटला 33 पेन्स, 750 ला 20 पेन्स. आकडे पेन्समध्ये असतात, पाऊंडासाठी शंभराने भागा. गडबडीत हे विसरून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

आता मूळ गोष्ट. या सूत्रातले तास म्हणजे हीटरचं बटण चालू असल्याचे तास नव्हेत. कॉइल तापलेली असल्याचे तास. घरमालकांच्या हिशोबातली चूक हीच होती.

'टिक' आवाज ऐका

कन्व्हेक्टरच्या बाजूला आकड्यांचं एक गोल बटण असतं, तो थर्मोस्टॅट. हीटरजवळची हवा ठरलेल्या तापमानाला पोचली की आतली पट्टी वाकते, 'टिक' असा आवाज येतो आणि कॉइल बंद होते. थोड्या वेळाने हवा गार झाली की पुन्हा 'टिक', पुन्हा चालू. बंद असताना हीटर जवळजवळ काहीच खात नाही. त्यामुळे पाटीवरचे वॅट गुणिले घड्याळाचे तास ही खर्चाची कमाल मर्यादा झाली. खरा आकडा खोली ठरवते.

बटणावर 1 ते 6 असे आकडे असतील तर ते अंश नाहीत. आठ-दहा पाऊंडांचा खोलीतला थर्मामीटर घ्या, तो पलंगाजवळ ठेवा आणि असं करा: हीटर पूर्ण ताकदीवर लावा, थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवा, खोली 19 अंशांवर आली की बटण हळूहळू मागे आणा, 'टिक' ऐकू आलं की तिथेच थांबा. त्या जागी पेनने खूण करा. ही तुमच्या खोलीतली 19 अंशांची जागा.

हीटर कुठे ठेवला यानेही हिशोब हलतो. खिडकीखालून गार झुळूक थेट थर्मोस्टॅटवर येत असेल, तर खोली गरम झाली तरी तो बंद होत नाही. उलट सोफ्यामागे कोंडला, तर स्वतःच्याच उष्णतेने लवकर बंद पडतो आणि तुम्ही गारठत बसता. मोकळ्या जागेत, भिंतीपासून थोडा दूर, वर कपडे न टाकता ठेवा.

एक संध्याकाळ, मिनिटं मोजून

माझी खोली साडेतीन बाय तीन मीटरची, दोन भिंती बाहेरच्या, विटांच्या आणि आत पोकळी नसलेल्या, एक खिडकी दुहेरी काचेची. बाहेर 5 अंश. संध्याकाळी सहाला आलो तेव्हा आत 13. हीटर 2000 वॅटवर लावला, थर्मोस्टॅट 19 च्या खुणेवर, आणि घड्याळ घेऊन बसलो.

पहिली 40 मिनिटं तो अखंड चालला. मग पहिलं 'टिक'. त्यानंतर साधारण सहा मिनिटं चालू, नऊ मिनिटं बंद, असं चक्र अकरापर्यंत. पंधरातली सहा मिनिटं म्हणजे 40 टक्के वेळ.

पहिल्या टप्प्यात 40 मिनिटं, म्हणजे 0.67 तास, गुणिले 2: 1.33 युनिटं. उरलेली 260 मिनिटं, त्यातली 40 टक्के म्हणजे 104 मिनिटं कॉइल चालू. ती 3.47 युनिटं. एकूण 4.8 युनिटं, 26.35 पेन्सच्या दराने 1 पाऊंड 26 पेन्स. पाटीवरून मोजलं असतं तर पाच तासांची 10 युनिटं आणि 2 पाऊंड 64 पेन्स झाले असते. खरा खर्च निम्म्याच्याही आत.

या चक्रातून खोलीची आणखी एक गोष्ट कळते, आणि मला तीच सगळ्यांत उपयोगी वाटते. 2000 वॅटच्या 40 टक्के म्हणजे सरासरी 800 वॅट. बाहेर 5, आत 19, फरक 14 अंशांचा. म्हणजे माझी खोली दर अंशाच्या फरकाला 57 वॅट बाहेर सोडते. हा आकडा मिळाला की थंडीची लाट आली तरी अंदाज बांधता येतो. बाहेर उणे 2 झालं, तर फरक 21 अंशांचा, म्हणजे 1200 वॅट, कॉइल 60 टक्के वेळ चालू. खोली तापायलाही जास्त वेळ लागेल, सुमारे 55 मिनिटं. ती संध्याकाळ 6.7 युनिटांची, म्हणजे 1 पाऊंड 77 पेन्सची. बाहेर 12 अंश असतील, तर तीच खोली निम्म्या विजेत भागते.

तापमान 19 वरून 18 केलं, तर फरक 14 चा 13 होतो, वीज साधारण सात टक्के वाचते. इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला हिवाळ्यात घर निदान 18 अंशांवर ठेवण्याचा आहे. त्याखाली नेऊन वाचवलेल्या पैशांची मला खात्री वाटत नाही, कारण गार भिंतीवर श्वासाची वाफ जमते आणि जानेवारीत पलंगामागे काळी बुरशी धरते. त्याच खोलीत ओले कपडे वाळत घातले तर अधिकच.

पहिल्या तासात 'टिक' आलंच नाही, तर खूण 19 च्या पुढे गेली आहे, किंवा खोली हीटरपेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकते आहे. दाराखालची फट हाताने तपासा, जुन्या घरात बंद न केलेली धुराडी बघा. टॉवेल गुंडाळून दाराशी लावल्यावर चक्र सुरू झालं, तर कारण तेच.

मीटरकडून खात्री करून घ्या

मिनिटं मोजायचा कंटाळा असेल तर मीटर आहेच. स्मार्ट मीटरबरोबर स्वयंपाकघरात एक छोटा डिस्प्ले असतो, तो विजेचा वापर जवळजवळ त्याच क्षणी दाखवतो. हीटर लावण्याआधी आकडा बघा, समजा 0.21 kW, म्हणजे फ्रिज आणि राउटर. हीटर लावल्यावर 2.14 झाला. फरक 1.93, तुमच्या हीटरची खरी ताकद. मात्र पाऊंडांचा आकडा बघताना एक लक्षात ठेवा: मध्यरात्री डिस्प्ले त्या दिवसाचा स्टँडिंग चार्ज आधीच लावतो. सकाळी उठल्यावर 54 पेन्स दिसले तर रात्री कुणी हीटर चालू ठेवला असं समजून कुणाच्या दारावर जाऊ नका.

डिस्प्ले नसेल तर मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा शोधा. शेजारी '1000 imp/kWh' असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका युनिटला हजार वेळा लुकलुक. दोन हजार वॅटचा हीटर चालू असताना दिवा मिनिटाला सुमारे 33 वेळा लुकलुकतो. काही मीटरवर आकडा वेगळा असतो, म्हणून आधी तो वाचा. हीटर बंद करून एक मिनिट मोजा, चालू करून एक मिनिट मोजा, आणि वजाबाकी करा.

सगळ्यांत निर्विवाद मार्ग म्हणजे प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर. ते 13 अँपिअरचं हवं. मी तेच आणलं. सात दिवसांनी त्यावर 38 युनिटं होती, म्हणजे रोजची 5.4. महिन्याला 168 युनिटं, त्याच 26.35 पेन्सच्या दराने 44 पाऊंड. 163 नव्हेत. तो छोटा पडदा घरमालकांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी स्वतः वाटणी बदलली. बिल चढण्यामागे घरातला ड्रायर आणि एका खिडकीची तुटलेली कडी होती, ते आम्हांला पुढे सापडलं.

घरमालक वीज विकत घेऊन तुम्हाला वेगळ्या मोजणीने विकत असतील, तर त्यांनी स्वतः युनिटला दिलेल्या भावापेक्षा जास्त भाव लावता येत नाही. ऑफजेमचा कमाल पुनर्विक्री दराचा नियम तसाच आहे. आवाज न चढवता बिलाची प्रत मागा.

अर्धं बटण दाबलं तर वाचतं का?

750 वॅटवर ठेवलं की पैसे वाचतात असं खूप जण मानतात. खोलीला 800 वॅट लागत असतील, तर 750 वर हीटर कधी बंदच होत नाही आणि खोली 18 अंशांवर येऊन थांबते. पैसे वाचले ते खोली एक अंश गार राहिली म्हणून. बाहेरची हवा सौम्य असेल आणि 750 पुरेसे असतील, तर ते 2000 च्या चक्राइतकीच युनिटं खाईल, फक्त सावकाश. तेच तेलाच्या रेडिएटरचं आणि पंख्याच्या हीटरचं. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते, मग डबा महाग असो वा स्वस्त. तेलाचा रेडिएटर बंद केल्यावर थोडा वेळ गरम राहतो, पण ती उष्णता आधी विकत घेतलेलीच असते.

रात्रभर मंद ठेवला की सकाळी कमी लागतं, हा समजही असाच. खोली गरम राहिली तेवढे तास ती बाहेर उष्णता टाकत राहिली. झोपताना बंद करा, जाड पांघरूण घ्या, उठल्यावर लावा.

सेंट्रल हीटिंग असताना हीटर कधी परवडतो

ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 याच तिमाहीत गॅसचा सरासरी दर युनिटला 6.29 पेन्स होता. बॉयलरमधून थोडी उष्णता वाया जाते, तरी खोलीत पोचणारं एक युनिट साधारण 7 पेन्सला पडतं. वीज त्याच्या पावणेचार पट. म्हणून सगळे घरी असतील तेव्हा हीटर लावू नका, बॉयलर लावा.

पण तुम्ही एकटेच घरी आहात, बाकीच्या खोल्या रिकाम्या आहेत आणि रेडिएटर बंद करता येत नाहीत, असं समजा. घराला मिळून 6 किलोवॅट उष्णता लागते, पाच तासांची 30 युनिटं. बॉयलरचा तोटा धरून सुमारे 34 युनिटं गॅस, 2 पाऊंड 14 पेन्स. तुमच्या एका खोलीला हीटर 1 पाऊंड 26 पेन्सांत गरम करतो. इथे हीटर जिंकतो. रेडिएटरच्या कोपऱ्यातला व्हॉल्व्ह फिरवून बाकीच्या खोल्या बंद करता येत असतील, तर पुन्हा गॅसच जिंकतो. आधी ते व्हॉल्व्ह फिरतात का बघा, बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो.

एक शेवटची तपासणी, पैशांची नव्हे. हीटर भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावा, गुंडाळलेल्या एक्स्टेंशनवर नाही. दोन हजार वॅटला जवळजवळ 9 अँपिअर लागतात, आणि गुंडाळीतली वायर तापून वितळू शकते. अर्ध्या तासाने प्लग हाताने चाचपून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल इतका गरम असेल किंवा जळका वास येत असेल, तर बंद करा, दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा आणि घरमालकांना त्याच दिवशी लेखी कळवा.